स्क्रीनवर 260 दिसतंय म्हणून 260 ला चालवायचं का? हॉटएंडमधली पांढरी नळी, तिचा धूर आणि ऑल-मेटलची वेळ

एंडर 3 किंवा त्याच्यासारखा बेसिक थ्रीडी प्रिंटर घेतला की महिन्या-दोन महिन्यांत एक गोंधळ होतोच. मशीनच्या मेनूत नोझलचं तापमान 260 पर्यंत सेट करता येतं, फिलामेंटच्या, म्हणजे वितळवायच्या प्लास्टिकच्या तारेच्या रोलवर 240 ते 260 असं छापलेलं असतं, आणि जुने जाणते लोक सांगतात की 240 च्या वर जाऊ नकोस, आतल्या टेफ्लॉनच्या नळीतून विषारी धूर निघतो. मग कोणी म्हणतं लगेच गरम भागात नळी नसलेला ऑल-मेटल हॉटएंड टाक, कोणी म्हणतं अरे घरात नॉनस्टिक तवा नाहीये का तुझ्या, काही होत नाही. दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे, म्हणून तर भांडण मिटत नाही. नेमकं काय तापतं, किती तापल्यावर बिघडतं, आणि पैसे कधी घालायचे, हे एकेक करून बघू.

## ही नळी तिथे आहे कशाला

प्रिंटरचा जो भाग प्लास्टिक वितळवतो तो हॉटएंड. वरून खाली बघत आलात तर आधी पंखा लावलेला थंड भाग येतो, हीटसिंक. मग एक बारीक धातूची नळी, तिला आपल्याकडे सगळे थ्रोट म्हणतात (हीटब्रेक पण म्हणतात, तेच ते). मग गरम होणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा म्हणजे हीटर ब्लॉक, आणि शेवटी पितळेचं नोझल. वरचं थंड राहिलं पाहिजे, खालचं गरम, आणि थ्रोटचं काम म्हणजे या दोघांमधली उष्णता अडवणं.

आता धातूच्या थ्रोटमधून अर्धवट मऊ झालेलं फिलामेंट नेलं तर ते भिंतीला चिकटायला बघतं. स्वस्त मशीनमध्ये यावर सोपा उपाय केलेला असतो, जी पांढरी गुळगुळीत नळी फिलामेंट ढकलणाऱ्या एक्स्ट्रूडरपासून ते घेऊन येते तीच थ्रोटच्या आतून थेट नोझलच्या पाठीपर्यंत उतरवायची. ही नळी पीटीएफईची, म्हणजे ज्याला आपण टेफ्लॉन म्हणतो त्याच पदार्थाची. याला काहीच धड चिकटत नाही, त्यामुळे पीएलए हे नेहमीच्या वापरातलं प्लास्टिक लोण्यासारखं सरकतं आणि जाम व्हायचे प्रकार कमी होतात. अशा हॉटएंडला पीटीएफई-लाइन्ड म्हणतात.

म्हणजे गोम इथेच आहे. नळीचं खालचं टोक नोझलला टेकलेलं असतं, ब्लॉकच्या आत. स्क्रीनवर 250 दिसत असेल तर त्या टोकालाही जवळपास 250 सोसावे लागतायत, आणि वरून फिलामेंटचा दाब आहे तो वेगळाच.

## किती तापल्यावर काय होतं

पीटीएफई हा तसा फार चिवट पदार्थ. 1938 मध्ये ड्यूपाँट कंपनीत रॉय प्लंकेट यांना तो अपघातानेच सापडला, आणि रसायनांना, पाण्याला, तेलाला तो दाद देत नाही म्हणून जगभर पसरला. सतत वापरायला त्याची मान्य मर्यादा आहे 260 अंश. साधारण 327 ला तो वितळतो, आणि साडेतीनशेच्या आसपास त्याचं विघटन जाणवण्याइतकं जोरात सुरू होतं. चारशेच्या पुढे तर तो सरळ तुटून विषारी वायू सोडतो, त्यात हायड्रोजन फ्लोराइड आणि कार्बोनिल फ्लोराइड येतात आणि त्याहून वाईट काही प्रकार पण येतात.

पण हे दिव्याच्या बटणासारखं नाहीये की 259 ला बंद आणि 261 ला चालू. 260 च्या आसपास जे काही सुटतं ते फारच थोडं, वर जाल तसा वेग वाढत जातो, आणि तीनशेच्या पुढे तो झपाट्याने वाढतो. त्यामुळे एकदा चुकून 250 ला प्रिंट काढलं म्हणून घाबरून दवाखान्यात पळायची काही गरज नाही.

दुसरी गोष्ट फार कमी लोक सांगतात. धूर निघायच्या बऱ्याच आधी नळी मऊ पडते. 240-250 ला पीटीएफई वितळत नाही पण त्याचा ताठपणा जातो, दाबाखाली टोक हळूहळू बसतं, आकसतं, आणि नोझल आणि नळीमध्ये फट पडते. त्या फटीत प्लास्टिक घुसतं, तिथेच अडकून करपतं, आणि मग प्रिंट मध्येच पातळ यायला लागते किंवा नोझल जाम. तेव्हा 240 चा जो नियम लोक सांगतात तो खरं तर आधी नळीच्या तब्येतीचा आहे आणि मग तुमच्या. दोन्ही एकाच आकड्यात बसतात म्हणून गोंधळ होतो.

## "मग घरचा तवा?"

हा प्रश्न येतोच, आणि तो बिनबुडाचा नाही, कारण पदार्थ खरंच तोच आहे. नळीचा बाहेरचा व्यास 4 मिमी, आतलं भोक 2 मिमी. खालचा जो सेंटिमीटरभर भाग खरा तापतो त्याचं वजन काढलं तर जेमतेम 0.2 ग्रॅम येतं. 25 सेंटिमीटरच्या नॉनस्टिक तव्यावरचा थर साधारण 25 मायक्रॉन जाडीचा धरला तर तो अडीच-तीन ग्रॅमच्या घरात जातो, म्हणजे हॉटएंडच्या दहापटीहून जास्त. मग तव्याची भीती जास्त वाटायला हवी ना?

तर तव्यावर तेल असतं, धिरडं असतं, ओलावा असतो, तापमान दोनशेच्या आसपास राहतं आणि पंधरा-वीस मिनिटांत गॅस बंद होतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला तर तोही 260 च्या पुढे सहज जातो, आणि तेव्हा तोही धोकादायकच, तिथे काही सवलत नाही. हॉटएंड मात्र त्याच तापमानाला आठ-दहा तास चालू राहतो, बऱ्याचदा बेडरूमच्या कोपऱ्यात, दार लावून, कारण वाऱ्याने प्रिंट वाकडी होते. कोणी त्यावर खोकाच टाकतं. थोडक्यात, माल कमी पण वेळ खूप आणि हवा बंद. शिवाय तव्यावर कोणी सेन्सर लावून त्याच्या भरवशावर झोपायला जात नाही, इथे आपण नेमकं तेच करतो. त्या सेन्सरकडे पुढे येऊच.

## धूर अंगात गेला तर

माणसांमध्ये याला पॉलिमर फ्यूम फीव्हर म्हणतात, म्हणजे सोप्या भाषेत टेफ्लॉनचा ताप. वैद्यकीय साहित्यात 1951 मध्ये पहिल्यांदा याचं नीट वर्णन आलं, कारखान्यातल्या कामगारांवरून. थंडी वाजणं, ताप, अंगदुखी, छातीत दाटल्यासारखं, कोरडा खोकला, असं सगळं फ्लूसारखं. आणि ते लगेच होत नाही, काही तासांनी सुरू होतं, म्हणून रात्री प्रिंट लावलेली असते आणि सकाळी माणूस म्हणतो की हवा बदललीय. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरतं. पण खूप तापलेल्या पीटीएफईचा जास्त धूर गेला तर फुप्फुसात पाणी होण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. तेव्हा दम लागत असेल तर डॉक्टरकडे जा आणि हेही सांगा की प्रिंटर चालू होता, कारण नुसतं बघून त्यांना ते कळायचं नाही.

सिगारेट ओढणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं. जुन्या केसेसमध्ये कितीतरी कामगारांना हा ताप यायचं कारण भट्टी नव्हतीच, पीटीएफईची भुकटी हाताला लागलेली असायची, त्याच हाताने सिगारेट धरली जायची, आणि सिगारेटचं जळतं टोक कुठल्याही हॉटएंडपेक्षा कितीतरी जास्त गरम असतं. त्यामुळे नळी कापून, घासून झाली की हात धुवायचे, मगच बाकीचं.

आणि घरात लव्हबर्ड, बजी, कॉकटिएल असतील तर सगळं गणितच बदलतं. पक्ष्यांची श्वसनाची रचना आपल्यापेक्षा खूप कार्यक्षम, त्यामुळे हवेतलं विष ते जास्त वेगाने ओढतात. तापलेल्या नॉनस्टिक भांड्यामुळे घरातले पक्षी काही मिनिटांत मेल्याच्या घटना गेल्या पन्नास वर्षांत पुन्हा पुन्हा नोंदल्या गेल्यात, जेव्हा त्याच स्वयंपाकघरातल्या माणसाला साधा खोकलाही आला नाही. पक्षी असलेल्या खोलीत लाइन्ड हॉटएंडचा प्रिंटर नको, 200 ला पीएलए चालवत असाल तरी नको. 200 ला नळीतून काही सुटतं म्हणून नाही, तर सेन्सर बिघडला तर सावरायला पक्ष्याला वेळ मिळत नाही म्हणून.

## मर्यादा 260 ची, तर मग 240 कुठून आलं

आता सेन्सर. ब्लॉकमध्ये तापमान मोजणारा एक छोटा काचेचा मणी असतो, थर्मिस्टर. तो मोजतो त्याच्या स्वतःच्या जागेचं तापमान, आणि त्यातही काही अंशांची चूक धरून चालायची. वर हीटरचं नियंत्रण नीट ट्यून केलेलं नसेल तर सुरुवातीला तापमान ठरवलेल्या आकड्याच्या पाच-दहा अंश पुढे उडी मारून मग खाली येतं. 255 सेट केलं, उडी 8 ची, थर्मिस्टर 5 ने कमी दाखवतोय, की झाले 268. 240 ला हेच सगळं झालं तरी 253 वर थांबतं. 240 म्हणजे एवढंच, 260 मधून अशा चुकांसाठी राखून ठेवलेली जागा.

मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, म्हणजे फर्मवेअरची गंमत बघा. मार्लिन या फर्मवेअरमध्ये साध्या मशीनला कमाल तापमान 275 दिलेलं असतं, त्यातून 15 अंश उडीसाठी वजा होतात आणि म्हणून मेनूत 260 पर्यंत सेट करता येतं. पंधरा अंश राखून ठेवलेत खरे, पण ते 260 च्या वर ठेवलेत, खाली नाही. नळीच्या बाजूने बघितलं तर उलटंच झालं हे. लाइन्ड हॉटएंडच ठेवायचा असेल आणि स्वतः फर्मवेअर कंपाइल करत असाल तर ही ओळ बदलून टाका, मग घरातल्या कुणी चुकून आकडा फिरवला तरी 240 च्या वर सेट होणारच नाही:

```
#define HEATER_0_MAXTEMP 255
```

पण खरी भीती वेगळीच आहे. थर्मिस्टर ज्या छोट्या स्क्रूने धरलेला असतो तो ढिला होतो आणि मणी भोकातून जरासा बाहेर सरकतो. पूर्ण निसटला तर बरं, कारण तेव्हा हीटर चालू असूनही आकडा वाढत नाही आणि फर्मवेअरचं थर्मल रनअवे संरक्षण (चालू असेल तर, एंडर 3 च्या सुरुवातीच्या मशीनमध्ये ते चालू नव्हतं) मशीन बंद करतं. अर्धवट सरकला की गोची. त्याला थोडी कमी उष्णता लागते, तो कमी सांगतो, कंट्रोलर जास्त तापवतो, शेवटी स्क्रीनवर 210 स्थिर दिसतं आणि ब्लॉक असतो 250 ला, 270 ला, किती ते कोण सांगणार. फर्मवेअरच्या लेखी सगळं आलबेल. त्याचे डोळे म्हणजे तो मणीच.

हे ओळखायचं प्रिंटवरून. नेहमीचं पीएलए नेहमीच्या 205 ला अचानक पाण्यासारखं वाहायला लागतं, तारा सुटतात, नोझल थांबलेलं असताना थेंब थेंब गळतं, पृष्ठभाग नको इतका चकचकीत येतो, पांढरा रंग पिवळट. असं दिसलं की प्रिंटची फाइल तयार करणाऱ्या स्लायसरमध्ये तासभर सेटिंग फिरवत बसू नका, मशीन बंद करा, गार होऊ द्या, ब्लॉकवरचं सिलिकॉनचं टोपण काढा आणि थर्मिस्टर जागेवर आहे का बघा. स्क्रू हलकाच आवळायचा, जास्त आवळला तर वायरचं आवरण कापलं जातं आणि नवीनच भानगड उभी राहते.

## एक केस नीट बघू

समजा पुण्यात कोणाला गच्चीवरच्या कॅमेऱ्यासाठी ब्रॅकेट हवाय. पीएलएचा केला होता, एप्रिलच्या उन्हात वाकला. पीएलए साठच्या आसपासच मऊ पडतं, त्यामुळे हे होणारच होतं. म्हणून एएसए नावाचं फिलामेंट आणलं, कारण ते उन्हाला टिकतं. रोलवर लिहिलंय 240 ते 260. मशीन एंडर 3, मूळ हॉटएंड. पठ्ठ्याने मधला आकडा 250 घेतला, त्याने थर एकमेकांना नीट चिकटेनात म्हणून 258 केला, वर पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं कारण एएसएला गरम हवा लागते, आणि नऊ तासांची प्रिंट लावून झोपला.

पहिली प्रिंट छान येते, म्हणून तर फसायला होतं. दुसरी पण येते. तिसरीत मध्येच भिंती विरळ, एक्स्ट्रूडरमधून टकटक आवाज, कारण गिअर फिलामेंट ढकलतोय आणि ते पुढे जात नाहीये. नोझल काढून नळी बाहेर ओढली की टोक तपकिरी झालेलं दिसतं, कडेला आत दबलेलं, भोक आकसलेलं, आणि बाहेरून करपलेल्या प्लास्टिकचं कडं. तेवढा तुकडा सरळ काटकोनात कापून टाकला की मशीन परत चालतं, आणि मग लोक हेच करत राहतात, दर काही प्रिंटनंतर नळी थोडी थोडी आखूड होत जाते.

या माणसाने काय करायला हवं? त्याला एकच ब्रॅकेट हवा असेल तर 240 ला, हळू वेगात, प्रिंटवर हवा मारणारा पार्टचा पंखा बंद ठेवून एएसए काढून बघावं. बरेच ब्रँड त्या तापमानाला चालतात, थर थोडे कमजोर येतील पण कॅमेऱ्याच्या वजनाला पुरेसे. नाहीतर पीईटीजी घ्यावं, ते 230-240 ला छान येतं आणि उन्हात पीएलएपेक्षा बरंच तग धरतं. पण त्याला असे वीस ब्रॅकेट विकायचे असतील, म्हणजे 250 च्या वर तासन्‌तास हे रोजचंच काम होणार असेल, तर तिथे लाइन्ड हॉटएंडची हद्द संपली. नायलॉन 250 ते 270 मागतं, पॉलिकार्बोनेट त्याहून वर. त्यांच्यासाठी तर विचारही करायचा नाही, आधी ऑल-मेटल, मग रोल विकत घ्यायचा.

## ऑल-मेटल म्हणजे नक्की काय, आणि तो खरा आहे का

ऑल-मेटल म्हणजे सगळी नळी गायब असं नाही. पांढरी नळी असतेच, फक्त ती वरच्या थंड हीटसिंकमध्ये थांबते. तिथून खाली फिलामेंट धातूच्याच भोकातून जातं. एंडरसारख्या मशीनसाठी सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे फक्त थ्रोट बदलणं. बायमेटल थ्रोट मिळतात, वरचा भाग तांब्याचा, म्हणजे आलेली उष्णता हीटसिंकला पटकन देणारा, आणि मध्ये टायटॅनियम किंवा स्टीलची पातळ भिंत, म्हणजे खालची उष्णता वर येऊ न देणारी. बाकी ब्लॉक, हीटर, पंखा सगळं तेच राहतं.

विकत घेताना नावावर जाऊ नका. ऑल-मेटल म्हणून विकलेल्या काही थ्रोटमध्ये आत पीटीएफईचा छोटा तुकडा बसवलेला असतो. तपासायचं सोपं आहे, थ्रोट हातात घेऊन खालच्या बाजूने बघा. आत पांढरं कडं दिसलं तर लाइन्ड. 4 मिमीची नळी वरून घालून ती आरपार गेली तरी लाइन्डचाच. खऱ्या ऑल-मेटलमध्ये नळी वरच अडते आणि खाली फक्त 2 मिमीचं धातूचं भोक दिसतं. सध्याच्या मशीनमध्ये काय आहे हे माहीत नसेल तर गार असताना वरचं पांढरं कनेक्टर सोडवून नळी ओढून काढा आणि किती लांब आत गेली होती ते हॉटएंडच्या बाहेरून लावून बघा.

आणि थ्रोट बदलला म्हणून लगेच 300 नाही. मूळ थर्मिस्टर आणि त्याच्या वायरचं आवरण त्या तापमानाला टिकेल असं बनवलेलं नसतं, म्हणून मूळ थर्मिस्टरवर 260-265 ला थांबलेलं बरं. वर जायचं असेल तर थर्मिस्टरही बदलायचा, आणि फर्मवेअरमध्ये त्याचा प्रकार (TEMP_SENSOR_0 समोरचा आकडा) बदलायचा. तो बदलायचा राहिला तर स्क्रीनवरचा आकडा सरळ सरळ खोटा असतो.

## कधी बदलू नये

तुम्ही 90 टक्के पीएलए काढता, अधूनमधून 235 ला पीईटीजी, तर बदलू नका. खरंच नको. पीएलएच्या बाबतीत लाइन्ड हॉटएंड ऑल-मेटलपेक्षा जास्त माफ करतो.

कारण असं, की धातूच्या थ्रोटमध्ये उष्णता वर चढली की पीएलए जिथे मऊ व्हायला नको तिथे मऊ होतं, फुगतं आणि भिंतीला धरून बसतं. याला हीट क्रीप म्हणतात. हीटसिंकचा पंखा खोलीतलीच हवा मारतो, त्यामुळे हीटसिंक खोलीपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. युरोपातला माणूस 20 अंशांच्या खोलीत बसून सांगतो की ऑल-मेटलवर पीएलए मस्त चालतं, आणि नागपुरात, अकोल्यात मे महिन्यात खोलीच 40 ला असते, म्हणजे पीएलए मऊ पडायला उरले जेमतेम वीस अंश. त्यात प्रिंटरवर खोकं असेल तर विचारूच नका. तिकडे दुपारी जाम होणारी प्रिंट रात्री दोन वाजता व्यवस्थित येते, मशीन तेच, फिलामेंट तेच. तेव्हा विदर्भात राहून फक्त पीएलए काढणाऱ्याने धुराच्या भीतीने ऑल-मेटल लावला तर जो त्रास नव्हता तो पैसे देऊन आणला असं होईल. त्याने नळीचं टोक दर दोन-तीन महिन्यांनी बघावं, थर्मिस्टरचा स्क्रू बघावा, झालं.

## बदललाच तर या तीन गोष्टी

एक म्हणजे नोझल गरम असताना आवळायचं. थंड असताना नोझल थ्रोटला टेकेपर्यंत बसवा पण ब्लॉकशी बारीकशी फट राहू द्या, मग 240-250 ला तापवून ब्लॉक पान्याने धरून हलक्या जोराने शेवटचं आवळा. थंडच आवळलं तर तापल्यावर ब्लॉक जास्त फुगतो, सांधा सुटतो आणि वितळलेलं प्लास्टिक थ्रोटच्या आट्यांमधून वर येऊन ब्लॉकवर करपत बसतं. त्या करपण्याचा वास येतो आणि लोकांना वाटतं पीटीएफईच जळतंय.

दुसरं रिट्रॅक्शन, म्हणजे नोझल एका जागेहून दुसरीकडे जाताना फिलामेंट किती मागे ओढायचं ते. एंडरवर हे 5-6 मिमी ठेवलेलं असतं. ऑल-मेटलमध्ये एवढं मागे ओढलं तर वितळलेलं टोक थंड भागात जाऊन तिथेच गोठतं. 3 च्या आसपास सुरू करा, तारा फारच सुटल्या तर थोडं थोडं वाढवा.

तिसरं, हीटरचं ट्यूनिंग नव्याने. थ्रोट बदलला की ब्लॉकमधून उष्णता निघून जायचं प्रमाण बदलतं, जुने आकडे लागू पडत नाहीत आणि ती उडी मोठी होते. ज्या तापमानाला जास्त काम करणार त्याच तापमानाला करा:

```
M303 E0 S250 C8 U1
M500
```

पहिली ओळ आठ वेळा तापवून-निववून आकडे काढते आणि लागू करते, दुसरी ते जपून ठेवते. पार्ट कूलिंगचा पंखा प्रिंटमध्ये चालू असणार असेल तर ट्यूनिंगच्या वेळीही चालू ठेवा.

## राहिलेले आक्षेप

"माझ्याकडे ती निळी कॅप्रिकॉर्न नळी आहे." चांगली आहे, आतलं भोक जास्त काटेकोर, उष्णतेला साध्या नळीपेक्षा थोडी जास्त टिकते. पण पाया पीटीएफईचाच. ती लावून 240 ला निर्धास्त काम करा, 265 चा परवाना म्हणून तिच्याकडे बघू नका.

"पाकिटावर पीएफओए-फ्री लिहिलंय." पीएफओए हे पूर्वी पीटीएफई बनवताना वापरलं जाणारं वेगळं रसायन, त्याचा वाद वेगळा आणि मोठा आहे. ते नसलं तरी पीटीएफई जास्त तापल्यावर जे व्हायचं ते होतंच.

"मला कधी वास आला नाही." वासावर जाऊच नका. एबीएस-एएसए चालू असताना त्या प्लास्टिकमधून निघणाऱ्या स्टायरीन वायूचा वास एवढा दाटलेला असतो की बाकी काही कळणारच नाही, आणि पीटीएफईमधून सुटणारे अतिसूक्ष्म कण तर वासाने समजतच नाहीत.

"मग ऑल-मेटल लावला की खोलीत बिनधास्त एबीएस काढू?" नाही. ऑल-मेटलने फक्त नळीचा प्रश्न सुटतो, एबीएसमधून स्टायरीन निघायचं ते निघतंच, उलट आता तुम्ही आणखी वरच्या तापमानाला चालवणार. खोक्याला मागून पाइप लावून हवा खिडकीबाहेर काढणं हेच बरं. कार्बन फिल्टर लावून तीच हवा खोलीत फिरवत ठेवणारे डबे वास कमी करतात, पण स्टायरीनसाठी त्यातला कार्बन वेळोवेळी बदलावा लागतो आणि पीटीएफईच्या वायूंसाठी त्यावर भरवसा ठेवण्यासारखं नाही. आणि पाइप बाहेर काढताना एवढं बघा की तो शेजाऱ्यांच्या खिडकीखाली किंवा त्यांच्या बाल्कनीतल्या पक्ष्यांच्या पिंजऱ्याशेजारी उघडत नाहीये.